कारखाना आणि तंत्रनिकेतन यांच्या कराराची घोषणा: कॅप्शन कसे लिहावे

उत्पादक कंपनी आणि तांत्रिक शिक्षणसंस्था यांच्यात करार झाला की त्याच दिवशी कुणीतरी तुमच्याकडे फोटो पाठवतो आणि म्हणतो, "संध्याकाळपर्यंत दोन ओळी टाका." त्या दोन ओळी लिहिण्याचे काम बहुतेकदा नव्या माणसाकडे येते. संस्थेच्या प्लेसमेंट विभागातला कनिष्ठ प्राध्यापक असो किंवा कंपनीच्या एचआरमध्ये नुकताच लागलेला सहायक, त्याने करार वाचलेला नसतो आणि समारंभातली भाषणे मात्र ऐकलेली असतात. मग कॅप्शन भाषणांवरून लिहिले जाते. पुढच्या वर्षी विद्यार्थी आणि पालक त्याच कॅप्शनचा स्क्रीनशॉट घेऊन दारात उभे राहतात.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: कॅप्शनमधले प्रत्येक वाक्य करारातल्या एखाद्या कलमावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवे

- सह्या झालेल्या कराराची पूर्ण प्रत, परिशिष्टांसह. फक्त पहिले आणि शेवटचे पान पुरत नाही, कारण आकडे बहुधा परिशिष्टात असतात.
- दोन्ही पक्षांची अधिकृत नावे, ती जशी छापली जातात तशीच.
- सही करणाऱ्यांची नावे आणि पदे, त्यांच्या कार्यालयाकडून लेखी मागवलेली.
- दोन्ही लोगोंच्या मूळ फाइल्स. वेबसाइटवरून कापून घेतलेला लोगो चालत नाही.
- समारंभाचे फोटो, आणि फोटोत विद्यार्थी असतील तर त्यांची संमती.
- दोन्ही बाजूंनी मजकूर कोण मंजूर करणार, त्या एकेका व्यक्तीचे नाव.

1. करारातल्या पाच जागा आधी वाचा

पूर्ण करार वाचायला वेळ नसेल तर किमान पाच जागा वाचा: पक्षांची नावे, मुदत, कोण काय देणार हे सांगणारी कलमे, प्रसिद्धी व गोपनीयतेचे कलम, आणि करार बंधनकारक आहे की नाही हे सांगणारे वाक्य.

शेवटची जागा नवा माणूस हमखास सोडतो, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. अशा प्रसंगी ज्यावर सह्या होतात तो बहुतेक वेळा सामंजस्य करार असतो. त्यात दोन्ही बाजू आपला हेतू लिहून ठेवतात. "हा दस्तऐवज कोणत्याही पक्षावर कायदेशीर किंवा आर्थिक बंधन घालत नाही" अशा अर्थाचे वाक्य त्यात अनेकदा असते. तसे असेल आणि तुम्ही "कंपनी दरवर्षी प्रशिक्षण देणार" असे लिहिले, तर तुमचे कॅप्शन करारापेक्षा मोठे वचन देते. करारात "प्रयत्न करील" असेल तर कॅप्शनमध्येही तेवढेच यावे, आणि करारात "देईल" असेल तर निःशंक "देणार" लिहा.

प्रसिद्धीच्या कलमात बहुधा लिहिलेले असते की दुसऱ्या पक्षाच्या लेखी संमतीशिवाय त्याचे नाव किंवा लोगो वापरू नये. समारंभात दोघेही हसत उभे होते, म्हणून ती संमती मिळाली असे होत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर त्यांच्या अनुपालन विभागाला आधी विचारा. कोणती माहिती आधी शेअर बाजाराला कळवायची आणि कोणती थेट जाहीर करायची, हे तो विभाग ठरवतो. प्रसिद्धी करणाऱ्याने ते परस्पर ठरवू नये.

2. कलमांचे वाटप करा: कोणाला, काय, किती

एक कोरा कागद घ्या आणि उभे दोन भाग करा. डावीकडे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या गोष्टी लिहा, उजवीकडे कंपनीला मिळणाऱ्या. प्रत्येक गोष्टीपुढे कलमाचा क्रमांक आणि करारातले मूळ क्रियापद लिहा. हे काम अर्ध्या तासात होते.

पुढचे सगळे टप्पे एका नमुना करारावर करून दाखवतो. पंप बनवणारी एक कंपनी आहे आणि एक तंत्रनिकेतन. करारात लिहिले आहे ते असे:

- मुदत तीन शैक्षणिक वर्षे. कोणताही पक्ष 60 दिवसांची लेखी सूचना देऊन बाहेर पडू शकतो.
- दरवर्षी मेकॅनिकल शाखेच्या अंतिम वर्षातील "40 पर्यंत" विद्यार्थ्यांना कारखान्यात चार आठवड्यांचे प्रशिक्षण, वीस-वीसच्या दोन तुकड्यांत. निवड संस्था करील. विद्यावेतन नाही, सुरक्षा बूट, चष्मा आणि बस कंपनीची.
- कंपनी दोन पंप चाचणी संच कराराच्या मुदतीपुरते संस्थेत ठेवील. मालकी कंपनीचीच.
- कंपनीचे अभियंते दर सत्रात सहा व्याख्याने देतील.
- प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांचा कंपनी भरतीच्या वेळी मुलाखतीसाठी "विचार करू शकते".
- संस्थेची मापन प्रयोगशाळा कंपनी वर्षातून 12 दिवस वापरील.
- संस्था कंपनीच्या 25 ऑपरेटरना दरवर्षी ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्स वाचण्याचे 30 तासांचे प्रशिक्षण देईल.

याच करारावर घाईत लिहिले जाणारे कॅप्शन साधारण असे असते:

> "औद्योगिक क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी आणि नामांकित तंत्रनिकेतन यांच्यात ऐतिहासिक भागीदारी! विद्यार्थ्यांना मिळणार जागतिक दर्जाचे प्रशिक्षण, अत्याधुनिक यंत्रसामग्रीची भेट आणि शंभर टक्के नोकरीची संधी. उद्योग आणि शिक्षणातील दरी मिटणार!"

यातल्या चार गोष्टी कागदावर कुठेच सापडत नाहीत. "भागीदारी" हा शब्द व्यवसायात नफा-तोटा वाटून घेण्यासाठी वापरतात, म्हणून इथे "सामंजस्य करार" किंवा "सहकार्य" बरे. चाचणी संच भेट दिलेले नाहीत, ते वापरायला ठेवले आहेत आणि तीन वर्षांनी परत जाणार आहेत. "शंभर टक्के नोकरीची संधी" हा शब्दप्रयोग तर धड हमी देत नाही आणि धड नाकारतही नाही. वाचणारा विद्यार्थी मात्र त्यातले "शंभर टक्के" आणि "नोकरी" एवढेच लक्षात ठेवतो. "जागतिक दर्जा" कोणत्या कलमात आहे, असे विचारले तर लिहिणाऱ्याकडे उत्तर नसते.

3. विद्यार्थ्यांचा फायदा: क्रियापद जपा

विद्यार्थी कॅप्शन वाचतो ते एकाच प्रश्नासाठी: यात मी आहे का? म्हणून शाखा, वर्ष, संख्या आणि कालावधी या चार गोष्टी आल्याच पाहिजेत. "विद्यार्थ्यांना" एवढेच लिहिले तर इलेक्ट्रिकलचा आणि पहिल्या वर्षाचा मुलगाही अर्ज घेऊन येतो आणि त्याला नाही म्हणण्याचे काम प्लेसमेंट विभागाच्या गळ्यात पडते.

"40" आणि "40 पर्यंत" यांत मोठा फरक आहे. ऑर्डर कमी असलेल्या वर्षी कंपनीने 24 जणांना घेतले तरी करार पाळला गेला असे म्हणता येते. कॅप्शनमध्ये नुसते "40" छापले असेल तर मात्र तो शब्द मोडल्यासारखा दिसतो. "पर्यंत" या एका शब्दाने पोस्टचा जोर थोडा कमी होतो खरा, पण तो गाळायचा नाही.

नोकरीबद्दलच्या शब्दांना एक चढती शिडी आहे. सर्वांत खाली "मुलाखतीसाठी विचार होऊ शकतो". त्यावर "मुलाखतीला बोलावले जाईल". त्यावर "भरतीत प्राधान्य दिले जाईल". सर्वांत वर "नोकरी दिली जाईल". करार ज्या पायरीवर उभा आहे त्याच पायरीवर कॅप्शन उभे राहिले पाहिजे. आपला नमुना करार सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. ती लपवण्यापेक्षा "नोकरीची हमी या करारात नाही" असे सरळ लिहिलेले बरे. हे वाक्य पाहून कंपनीचा एचआर क्वचितच हरकत घेतो, उलट त्याची डोकेदुखी कमी होते. हरकत संस्थेकडून येते, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिला उजळ मजकूर हवा असतो. तेव्हा कराराची प्रत पुढे करायची.

विद्यावेतनाचेही तसेच. ते नसेल तर "नाही" असे लिहा आणि जे आहे ते सोबत सांगा: बूट, चष्मा, बस. न लिहिल्यास पहिलीच प्रतिक्रिया "पैसे किती?" अशी येते, आणि उत्तर उशिरा दिले की ते दडवल्यासारखे वाटते. करार याबाबत गप्पच असेल तर तुम्हीही अंदाजाने काही लिहू नका, दोन्ही बाजूंना आधी विचारून घ्या.

शब्दांची आणखी एक अदलाबदल सांभाळा. दोन तासांची कारखाना भेट, चार आठवड्यांचे प्रशिक्षण, सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि कायद्याने नोंदवलेली शिकाऊ उमेदवारी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. शिकाऊ उमेदवारीत सहसा वेगळा करार, ठरलेला मोबदला आणि सरकारी नोंदणी येते. चार आठवड्यांच्या प्रशिक्षणाला तो शब्द लावू नका. "प्रमाणपत्र मिळेल" असे लिहिताना ते कोण देणार हेही लिहा. कंपनीच्या लेटरहेडवरचा पूर्णतेचा दाखला आणि मान्यताप्राप्त संस्थेचे कौशल्य प्रमाणपत्र यांची किंमत नोकरीच्या बाजारात सारखी नसते.

यंत्रसामग्रीबद्दल लिहिताना "अत्याधुनिक" हा शब्द काढून टाका आणि विद्यार्थी त्या यंत्रावर काय करणार ते लिहा. पंप चाचणी संचावर विद्यार्थी व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत जातो आणि प्रत्येक स्थितीत प्रवाह, हेड म्हणजे पंप पाणी किती उंचीपर्यंत चढवू शकतो ते, आणि मोटरला लागणारी वीज मोजतो. त्या आकड्यांवरून तो पंपाचा आलेख काढतो आणि पंप कोणत्या प्रवाहाला सर्वांत कार्यक्षम चालतो ते शोधतो. पुस्तकात छापलेला आलेख आणि हाताने काढलेला आलेख यांत काय फरक आहे, हे मेकॅनिकलच्या कोणत्याही विद्यार्थ्याला लगेच कळते. या एका वाक्याने जे काम होते ते चार विशेषणांनी होत नाही.

4. कंपनीचा फायदा: लपवू नका

बहुतेक कॅप्शनमध्ये कंपनी नुसती देते, घेत काहीच नाही. "सामाजिक बांधिलकीतून" असा शब्द टाकला की लिहिणाऱ्याला काम संपल्यासारखे वाटते. वाचणारे मात्र भोळे नसतात. कंपनी काय मिळवते हे सांगितले नाही तर ते स्वतःच तर्क करतात, आणि तो तर्क बहुधा "फुकटचे मजूर" असा असतो. विद्यावेतन नसलेल्या प्रशिक्षणाखाली ही प्रतिक्रिया येतेच.

त्यावर उपाय म्हणजे खरा फायदा नेमका लिहिणे. आपल्या नमुन्यात कंपनीला दोन गोष्टी ठोस मिळतात. एक, मापन प्रयोगशाळेचे 12 दिवस. सर्वच कारखान्यांकडे समन्वय मापन यंत्र किंवा पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणारे उपकरण नसते. इम्पेलर किंवा शाफ्टच्या एखाद्या लॉटवर शंका आली की तो बाहेर तपासायला पाठवावा लागतो. संस्थेची प्रयोगशाळा ठरलेल्या दिवशी मिळाली तर ती खेप थांबत नाही. दुसरी गोष्ट, 25 ऑपरेटरचे प्रशिक्षण. ड्रॉइंगवरचे समकेंद्रीपणाचे किंवा लंबतेचे चिन्ह चुकीचे वाचले गेले की माप बरोबर असूनही भाग जुळणीत बसत नाही. ही चूक कारखान्याला रोज पैशात भोगावी लागते.

तिसरा फायदा करारात थेट लिहिलेला नसतो पण सर्वांना माहीत असतो: चार आठवडे कारखान्यात काढलेला मुलगा पुढे नोकरीला लागला तर त्याला गेज कुठे ठेवतात आणि जॉब कार्ड कसे भरतात हे पहिल्यापासून शिकवावे लागत नाही. हे लिहायचे असेल तर "कंपनीला अपेक्षा आहे की" अशी सुरुवात करा. "प्रशिक्षणाचा खर्च निम्म्यावर येणार" यासारखा आकडा मोजलेला नसेल तर तो लिहू नका.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्या. विद्यार्थी कंपनीच्या प्रत्यक्ष अडचणींवर प्रकल्प करणार असतील तर त्या अडचणी कोणत्या हे कॅप्शनमध्ये लिहू नका. "सीलमधून होणारी गळती कमी करण्याचा प्रकल्प" हे वाक्य तुम्हाला निरागस वाटते, पण कंपनीच्या ग्राहकाला त्यातून कळते की सील गळते. प्रकल्पातून निघालेल्या कल्पनेची मालकी कोणाची, हेही करारात पाहा. ते स्पष्ट नसेल तर प्रकल्पांचा उल्लेखच टाळा.

5. मजकूर मांडा

पहिल्या ओळीत फायदा, दुसरीत नावे. याचे कारण तांत्रिक आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची पहिली साधारण सव्वाशे चिन्हे दिसतात आणि बाकीचा मजकूर घडीखाली जातो. लिंक्डइनवर थोडे जास्त दिसते, साधारण दोनशे. दोन्ही पक्षांची लांबलचक नावे आणि मान्यवरांची पदे सुरुवातीला घातली तर घडीच्या वर फक्त नावेच उरतात.

देवनागरीत मोजणी फसवते. आपण अक्षरे मोजतो, यंत्र काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजते. "विद्यार्थ्यांना" या शब्दात डोळ्याला चार अक्षरे दिसतात, यंत्राच्या हिशेबात ती 15 चिन्हे होतात. एक्सवर साध्या खात्याला 280 चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे मराठीत जेमतेम चाळीस शब्द. इन्स्टाग्रामची पूर्ण मर्यादा 2200 आणि लिंक्डइनच्या पोस्टची 3000 आहे. तेवढी जागा या कामाला भरपूर होते.

वरच्या नमुना करारावरून तयार झालेले कॅप्शन असे:

> मेकॅनिकलच्या 40 पर्यंत विद्यार्थ्यांना दरवर्षी पंप कारखान्यात 4 आठवडे प्रशिक्षण.
>
> त्यासाठी (कंपनीचे नाव) आणि (संस्थेचे नाव) यांनी (तारीख) रोजी तीन शैक्षणिक वर्षांच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या.
>
> विद्यार्थ्यांसाठी: अंतिम वर्षाचे विद्यार्थी वीस-वीसच्या दोन तुकड्यांत कारखान्यात काम शिकतील. निवड संस्था करील. विद्यावेतन नाही, सुरक्षा बूट, चष्मा आणि बस कंपनीकडून. कंपनीचे दोन पंप चाचणी संच कराराच्या मुदतीत संस्थेच्या प्रयोगशाळेत राहतील. प्रवाह, हेड आणि वीज मोजून विद्यार्थी पंपाचा आलेख स्वतः काढतील. दर सत्रात कंपनीचे अभियंते सहा व्याख्याने देतील.
>
> कंपनीसाठी: संस्थेची मापन प्रयोगशाळा वर्षातून 12 दिवस वापरता येईल. कंपनीच्या 25 ऑपरेटरना संस्था दरवर्षी ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्स वाचण्याचे 30 तासांचे प्रशिक्षण देईल.
>
> प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांचा भरतीच्या वेळी मुलाखतीसाठी विचार होऊ शकतो. नोकरीची हमी या करारात नाही.
>
> पहिल्या तुकडीसाठी नावे (तारीख) पर्यंत प्लेसमेंट विभागात द्यावीत.

पहिली ओळ सुमारे 80 चिन्हांची आहे, म्हणजे कोणत्याही फोनवर ती घडीच्या वरच राहते. एक्ससाठी पहिली ओळ, नावांची ओळ आणि "नोकरीची हमी नाही" हे वाक्य घ्या, बाकी सोडा. जागा कमी आहे म्हणून गाळायचे ते कंपनीचे 12 दिवस, विद्यार्थ्याला सावध करणारे वाक्य गाळायचे नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकवर टिचकी मारता येत नाही, त्यामुळे अर्जाची लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा. हॅशटॅग तीन-चार पुरेत. मराठी हॅशटॅगमध्ये शब्दांत जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो. जोडून लिहा किंवा अधोरेषा घाला.

6. फोटो तपासा

फोटो मोठा करून पाहा आणि आधी पार्श्वभूमी वाचा. मागच्या फळ्यावरचे उत्पादनाचे आकडे, टेबलावरचे ड्रॉइंग, ग्राहकाचे लेबल लावलेली पेटी यांपैकी काहीही दिसत असेल तर तो भाग कापा किंवा दुसरा फोटो घ्या.

त्यानंतर सुरक्षा. कारखान्यातल्या अनुभवी माणसाची नजर आधी तिथेच जाते. चालू लेथपाशी हातमोजे घातलेला विद्यार्थी नवख्याला फार काळजीपूर्वक वाटतो; प्रत्यक्षात फिरणाऱ्या चकजवळ हातमोजा अडकून हात ओढला जाण्याचा धोका असतो, म्हणून तिथे हातमोजे घालत नाहीत. सैल बाह्या, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, मोकळे केस, चष्म्याशिवायचे डोळे यांतले काही दिसले तरी फोटो बाद. प्रशिक्षणाच्याच पोस्टवर असा फोटो गेला की खालच्या प्रतिक्रियांत कराराबद्दल कुणी बोलत नाही.

नावे "डावीकडून" या क्रमाने द्या आणि डावीकडून म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून. विद्यार्थी सज्ञान नसतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

7. एकच फाइल, दोन मंजुऱ्या

मजकूर एका फाइलमध्ये ठेवा आणि तीच दोन्ही बाजूंना पाठवा. व्हॉट्सॲपवर चिकटवलेला मजकूर फिरू लागला की कोणीतरी मध्येच "शंभर टक्के" परत घालतो आणि शेवटची आवृत्ती कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. मंजुरी ईमेलवर घ्या. पाठवताना प्रत्येक वाक्यापुढे कलमाचा क्रमांक लिहा. मंजुरी देणाऱ्याला शोधत बसावे लागत नाही आणि चर्चा आवडीनिवडीकडे वळत नाही.

कंपनीच्या खात्यावर कंपनीचे नाव आधी, संस्थेच्या खात्यावर संस्थेचे. एवढा एकच फरक ठेवा. आकडे आणि क्रियापदे दोन्हीकडे अक्षरशः सारखी हवीत. एकीकडे 40 आणि दुसरीकडे "40 हून अधिक" असे गेले तर वाचणारा मोठा आकडाच धरतो. पोस्ट करण्याची वेळ ठरवून घ्या, आणि टॅग करताना अधिकृत खाते तपासा. मोठ्या कंपन्यांच्या नावाने चाहत्यांची, माजी कर्मचाऱ्यांची आणि वेगवेगळ्या शाखांचीही खाती असतात.

8. पोस्ट झाल्यावर

पहिल्या दिवशी येणारे प्रश्न ठरलेले असतात: इतर शाखांना आहे का, निवड कशी, गेल्या वर्षी पास झालेल्यांना चालेल का. यांची उत्तरे आधीच लिहून ठेवा आणि तीही कराराच्या आतच ठेवा. आपल्या नमुन्यात पास झालेल्यांचा उल्लेख नाही, म्हणून उत्तर "हा करार अंतिम वर्षात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांपुरता आहे" एवढेच. "बघू, विचारतो" असे उत्तर देऊ नका. ते होकार म्हणून वाचले जाते.

चूक सापडली तर इन्स्टाग्राम आणि लिंक्डइनवर कॅप्शन दुरुस्त करता येते, पण तोवर स्क्रीनशॉट फिरलेले असतात. आकडा किंवा नोकरीबद्दलचा शब्द चुकला असेल तर गुपचूप बदलू नका. मजकुराच्या शेवटी "दुरुस्ती: आधी 40 लिहिले होते, करारात 40 पर्यंत आहे" अशी ओळ घाला आणि दुसऱ्या पक्षाला कळवा.

पोस्ट करतानाच कॅलेंडरमध्ये दोन नोंदी करून ठेवा. पहिली, पहिली तुकडी संपण्याच्या तारखेची: तेव्हा प्रत्यक्ष किती विद्यार्थी गेले हे विचारून घ्या, पुढच्या पोस्टला तोच आकडा लागतो. दुसरी, मुदत संपण्याच्या आधी तीन महिन्यांची. करार वाढला नाही तर संस्थेच्या प्रवेशपत्रकातून, वेबसाइटवरून आणि खात्यावर वर चिकटवून ठेवलेल्या पोस्टमधून तो उल्लेख मुदत संपते त्याच दिवशी काढायचा असतो. 60 दिवसांची सूचना देऊन एखादा पक्ष आधीच बाहेर पडला, तर त्या सूचनेची प्रत प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या माणसापर्यंतही पोचली पाहिजे. त्या माणसाचे नाव-पद कराराच्या संपर्क यादीत नसेल तर सह्यांच्याच दिवशी ते घालून घ्या.